गोल पायावर उभे चौरस: घनफळाबद्दल पोरं नेहमी विचारतात ते प्रश्न

डिचोलीत संध्याकाळी मी बारावीच्या आणि बीएस्सी पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित शिकवतो, आणि इंटिग्रेशन सुरू झालं की दरवर्षी हे एक गणित येतंच: पाया वर्तुळ आहे, पायाला लंब कापलं की प्रत्येक काप चौरस आहे, घनफळ काढा. गणित चार ओळींचं आहे पण त्यावर प्रश्न इतके येतात की शेवटी सगळे एका जागी लिहून ठेवले. सगळीकडे त्रिज्या ५ सेंटीमीटर धरलीये म्हणजे आकडे सोपे येतात, आणि जिथे गरज आहे तिथे r ठेवलाय.

प्रश्नच नीट कळत नाही. वर्तुळावर चौरस उभे म्हणजे नक्की काय?

एक मोठा कागद टेबलावर पसरा आणि त्यावर ५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. आता त्या वर्तुळात एकमेकींना समांतर अशा उभ्या रेघा मारा, या काठापासून त्या काठापर्यंत. प्रत्येक रेघ म्हणजे वर्तुळाची एक जीवा. आता प्रत्येक जीवेवर एक चौरस ताठ उभा करायचा, फोटोफ्रेम टेबलावर उभी करतो तसा, की जीवा ही त्या चौरसाची खालची बाजू झाली पाहिजे. म्हणजे जीवा जेवढी लांब तेवढीच उंची. मधोमध जीवा १० ची आहे म्हणून तिथे १० बाय १० चा चौरस उभा राहतो, मध्यापासून ३ सेंटीमीटर बाजूला गेलं की जीवा ८ ची होते म्हणून चौरस ८ बाय ८ चा, ४ सेंटीमीटरवर ६ बाय ६ चा, आणि अगदी काठावर ५ ला पोचलो की जीवाच उरत नाही म्हणून चौरस शून्याचा, नुसता एक बिंदू.

हे चौरस एकावर एक रचलेले नाहीत, एकाशेजारी एक उभे आहेत, स्लाइस केलेला पाव ताटात उभा ठेवला तर दिसतो तसे. निम्मी पोरं इथेच चुकतात, त्यांच्या डोक्यात चौरस आडवे असतात आणि मग ती पिरॅमिड काढायला लागतात. "पायाला लंब काप" हे शब्द गणितात दिसले की काप उभा आहे हे पक्कं समजायचं.

ठीक आहे, पण मग अख्खा आकार दिसतो कसा? डोळ्यासमोर येतच नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण आकार एकदा दिसला की इंटिग्रेशन आपोआप सुचतं.

तीन बाजूंनी बघूया. वरून बघितलं तर वर्तुळ दिसतं, कारण कुठलाच चौरस आपल्या जीवेच्या बाहेर जात नाही. चौरसांच्या समोर उभं राहून बघितलं, म्हणजे x-अक्षाच्या दिशेने, तर १० बाय १० चा एक चौरस दिसतो, मधला मोठा, बाकीचे सगळे त्याच्या मागेपुढे लपतात. आणि बाजूने बघितलं, म्हणजे सगळे चौरस कडेने दिसतील असं, तर अर्धं लंबवर्तुळ दिसतं, खाली १० रुंद आणि मध्ये १० उंच. लक्षात घ्या, ते अर्धवर्तुळ नाही, अर्धवर्तुळ असतं तर मधली उंची ५ च आली असती. भिंती उभ्या आणि गोल, डब्यासारख्या, आणि वरचं छप्पर एका दिशेने वाकलेलं पण दुसऱ्या दिशेने सरळ. छपरावर y च्या दिशेने पट्टी ठेवली तर ती पूर्ण टेकते, कारण तिथे चौरसाची वरची बाजू आहे आणि ती आडवी सरळच असणार.

आता हे हाताने करून बघायचं असेल तर आपल्याकडे सोय आहे. चवथीच्या आधी कुठल्याही चित्रशाळेत गेलात तर चिकणमाती मिळते आणि ती कापायची बारीक तारही मिळते. आम्ही गेल्या वर्षी असंच केलं. मातीचा एक भरीव दंडगोल केला, व्यास १० आणि उंची १०, आणि तो फळीवर उभा ठेवला. जाड पुठ्ठ्याचे दोन एकसारखे साचे कापले, अर्ध्या लंबवर्तुळाचे, मध्यापासून ० वर उंची १०, १ वर ९.८, २ वर ९.१७, ३ वर ८, ४ वर ६, ५ वर शून्य, एवढे बिंदू मारून हाताने वळण जोडलं. एक साचा दंडगोलाच्या पुढे उभा केला, एक मागे, समोरासमोर. मग दोघांनी तार ताणून धरली, एक टोक पुढच्या साच्यावर, दुसरं मागच्या साच्यावर, आणि साच्यांच्या काठावरून तार हळूहळू सरकवत नेली. वरची माती सुटून पडली आणि खाली उरला तो आपला आकार. तार सरळ असते म्हणून छप्पर एका दिशेने सरळ राहतं, साचे वाकडे असतात म्हणून दुसऱ्या दिशेने वाकतं, दोन्ही एकदम.

मग पट्टी घेऊन तपासलं. मध्यापासून ३ सेंटीमीटरवर रुंदी ८ आणि उंची पण ८, ४ वर दोन्ही ६. रुंदी आणि उंची जुळली नाही तर समजायचं की पुढचा हात आणि मागचा हात एका वेगाने सरकले नाहीत, तार तिरकी झाली आणि चौरसाची वरची बाजू तिरकी कापली गेली. दोन्ही टोकांना मात्र साचा एकदम उभा होतो, शेवटच्या एका सेंटीमीटरमध्ये उंची ६ वरून शून्यावर येते, आणि तिथे थोडी माती राहतेच. वजनाचं पुढे सांगतो.

घनफळ काढायचं कसं? एकेक स्टेप सांगा.

आधी वर्तुळाचं समीकरण लिहा: x² + y² = 25. x-अक्षाला लंब काप घेतोय. x इथे एक काप आहे, तर त्या जागी वर्तुळाचा वरचा काठ y = √(25 − x²) वर आहे आणि खालचा काठ y = −√(25 − x²) वर. या दोन काठांमधलं अंतर म्हणजे जीवा:

s = 2√(25 − x²)

जीवा म्हणजेच चौरसाची बाजू. मग चौरसाचं क्षेत्रफळ:

A(x) = s² = 4(25 − x²)

आता चौरसाला dx एवढी जाडी द्या, पुठ्ठ्याचा तुकडा असल्यासारखी, त्याचं घनफळ A(x) dx, आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळे तुकडे मिळवा:

V = ∫ 4(25 − x²) dx, x = −5 ते 5

दोन्ही बाजू सारख्या आहेत म्हणून ० ते ५ करून दुप्पट करा: V = 8 [25x − x³/3], 0 ते 5, म्हणजे 8(125 − 125/3) = 8 × 250/3 = 2000/3. उत्तर ६६६.६७ घन सेंटीमीटर, साधारण ६६७ मिलीलिटर पाणी मावेल एवढं.

५ च्या जागी r ठेवला तर V = 16r³/3. सूत्र पाठ करू नका असं मी म्हणणार नाही, पाठ असलं तर उत्तर ताडून बघायला बरं पडतं, पण पेपरात जीवेची ओळ आणि क्षेत्रफळाची ओळ लिहाच, कारण खरं गणित त्या दोन ओळींत आहे, इंटिग्रेशन तर नववीच्या बीजगणितापेक्षा फार अवघड नाही.

पाया गोल आहे, मग उत्तरात π कुठे गेला?

दर बॅचमध्ये कुणीतरी उत्तर आल्यावर वही पुढे करून विचारतं, सर काहीतरी चुकलंय, π आला नाही. शंका अगदी रास्त आहे म्हणून नीट सांगतो.

वर्तुळ म्हटलं की π आलाच पाहिजे असं आपल्याला वाटतं, पण π येतो तो वर्तुळाचं क्षेत्रफळ किंवा परिघ मोजला तर. आपण इथे ते मोजलंच नाही. वर्तुळाने आपल्याला फक्त एक गोष्ट सांगितली, की अमुक जागी जीवा किती लांब आहे. ती लांबी 2√(25 − x²), म्हणजे त्यात वर्गमूळ आहे. हे वर्गमूळ तसंच ठेवून इंटिग्रेट केलं असतं तर वर्तुळाचं क्षेत्रफळ मिळालं असतं आणि 25π आलं असतं, कारण √(25 − x²) इंटिग्रेट करताना θ घ्यावा लागतो, कोन येतो, आणि कोनाबरोबर π येतो. पण आपण जीवेचा वर्ग केला. वर्ग केल्यावर वर्गमूळ निघून गेलं आणि मागे उरलं 25 − x², साधी बहुपदी. बहुपदी इंटिग्रेट करून त्यात ५ आणि −५ टाकले तर π येणार कुठून?

हे खरंच वर्ग केल्यामुळे झालं का ते तपासता येतं. चौरसाऐवजी आयत उभे करा, सगळ्यांची उंची सारखीच, समजा १०, रुंदी मात्र जीवेएवढी. आता क्षेत्रफळ 10 × 2√(25 − x²), वर्गमूळ तसंच राहिलं, आणि घनफळ येतं 250π, म्हणजे ७८५.४. यायलाच हवं, कारण सारख्या उंचीचे आयत गोल पायावर उभे केले की साधा दंडगोल होतो. म्हणजे पाया तोच, जीवा त्याच, पण उंची जीवेबरोबर बदलते का नाही यावर π येणार का जाणार ते ठरतं.

आता ते मातीचं वजन. आमचा दंडगोल ७८५.४ घन सेंटीमीटरचा, तारेने कापल्यावर उरायला हवं ६६६.६७, म्हणजे साधारण ८५ टक्के, आणि १५ टक्के माती सुटायला हवी. दंडगोल दीड किलोचा होता, म्हणजे कापल्यावर १२७३ ग्रॅम राहायला हवं. आमच्या काट्यावर १२९० आलं, टोकांना राहिलेली माती त्यात होती, पण त्या दिवसापासून त्या बॅचमध्ये π कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

माझं उत्तर १६६.६७ आलं. कुठे चुकलं?

१६६.६७ म्हणजे बरोबर उत्तराचा नेमका चौथा भाग. तुम्ही बाजू √(25 − x²) घेतली, म्हणजे अक्षापासून काठापर्यंतची अर्धीच जीवा, वरचा भाग घेतला आणि खालचा विसरलात. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं म्हणून उत्तर पाव. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती का होते ते पण सांगतो, आपल्याला समीकरणातून y काढायची सवय असते आणि y मिळाला की बाजू मिळाली असं वाटतं, पण y ही काठाची उंची आहे, जीवेची लांबी नाही.

आणि ३३३.३३ आलं असेल, म्हणजे निम्मं, तर दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही वेगळी आहेत. एक तर तुम्ही ० ते ५ इंटिग्रेट करून दुप्पट करायला विसरलात, किंवा वर्ग करताना 2√(25 − x²) चा वर्ग 2(25 − x²) लिहिलात, २ चा वर्ग केलाच नाही. A(x) च्या ओळीत x = 0 टाकून बघा, मधला चौरस १० बाय १० चा आहे म्हणजे १०० यायला हवेत. १०० आले तर चूक लिमिटमध्ये आहे, ५० आले तर वर्गात आहे. हा x = 0 टाकून बघायचा उपाय इंटिग्रेशन सुरू करायच्या आधीच करा, दहा सेकंदाचं काम आहे.

५३३३ वगैरे मोठा आकडा आला असेल तर गणितात "व्यास १०" दिला होता आणि तुम्ही १० ला त्रिज्या धरलं. त्रिज्या दुप्पट झाली की घनफळ आठपट होतं.

इंटिग्रेशन न करता उत्तर तपासता येतं का?

येतं, आणि मी तर म्हणतो एकदा करून बघाच. चवथीच्या मखराचा उरलेला एक सेंटीमीटर जाडीचा थर्माकोल असला तर त्याचे दहा चौरस कापा. पहिला तुकडा x = 0 ते 1 ची जागा घेणार, त्याची मधली जागा 0.5, तिथलं क्षेत्रफळ 4(25 − 0.25) = 99, म्हणजे बाजू ९.९५. पुढचे 1.5, 2.5, 3.5, 4.5 वर, त्यांची क्षेत्रफळं ९१, ७५, ५१, १९, बाजू ९.५४, ८.६६, ७.१४, ४.३६. असे दोन-दोन तुकडे, डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच. जाडी १ असल्यामुळे क्षेत्रफळ आणि घनफळाचा आकडा एकच: ९९ + ९१ + ७५ + ५१ + १९ = ३३५, दुप्पट ६७०.

खरं उत्तर ६६६.६७, आपलं ६७०, फरक अर्ध्या टक्क्याचा. आणि फरक जास्तीच्या बाजूला का आला तेही बघण्यासारखं आहे: A(x) चा आलेख डोंगरासारखा वर फुगलेला आहे, आणि अशा आलेखात मधल्या बिंदूची उंची ही त्या पट्टीच्या सरासरीपेक्षा नेहमी थोडी जास्त असते.

डिप्लोमा सिव्हिलच्या पोरांना अजून झटपट पद्धत माहीत असते, ती धरणाचं पाणी किंवा मातीचा भराव मोजायला वापरतात तोच सिम्प्सनचा नियम: दोन टोकांची क्षेत्रफळं आणि मधल्याची चौपट मिळवा, लांबीने गुणा, ६ ने भागा. इथे टोकांना ०, मध्ये १००, लांबी १०. म्हणून (0 + 400 + 0) × 10 / 6 = 666.67. एका ओळीत, आणि हे अंदाजे नाही, तंतोतंत आहे, कारण सिम्प्सनचा नियम तिसऱ्या घातापर्यंतच्या बहुपदीला अचूक बसतो आणि आपलं A(x) दुसऱ्याच घाताचं आहे.

चौरस जीवेवर उभा न करता निम्मा वर निम्मा खाली ठेवला तर घनफळ बदलेल?

नाही बदलणार, आणि हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा विचारला त्या पोराचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पत्त्यांचा कॅट बघा. सरळ रचलेला असो किंवा तिरका सरकवलेला, पत्ते तेवढेच आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ तेवढंच, म्हणून घनफळ तेवढंच. आपले चौरस पण तसेच, प्रत्येकाला आपल्या जागी वरखाली सरकवा, x तोच ठेवा, मग A(x) तेच राहतं आणि इंटिग्रल पण तेच. याला कॅव्हेलिएरीचं तत्त्व म्हणतात, इटलीच्या या गणितज्ञाने ते सतराव्या शतकात मांडलं.

आता गंमत बघा. प्रत्येक चौरस निम्मा खाली ढकलला की चौरसांचे मध्य सगळे एका रेषेत येतात, आणि तयार होणारा आकार ओळखीचा निघतो: १० व्यासाचे दोन पाइप एकमेकांना काटकोनात आरपार छेदून गेले तर दोन्ही पाइपांच्या आत असलेला जो समाईक भाग असतो, तोच हा. दोन्ही पाइप जमिनीवर आडवे आहेत असं समजा आणि मध्यापासून z एवढ्या उंचीवर आडवा काप घ्या, तर एका पाइपातून 2√(25 − z²) रुंदीची पट्टी मिळते, दुसऱ्यातून तेवढीच रुंद पण काटकोनातली पट्टी, आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे चौरस. बाजू तीच, म्हणून घनफळ तेच, ६६६.६७.

हा समाईक भाग आर्किमिडीजला माहीत होता. त्याने एराटोस्थेनीसला लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की हे घनफळ त्याच्या भोवती बसणाऱ्या घनाच्या दोन-तृतीयांश असतं. आपल्याकडे घन १० बाय १० बाय १०, म्हणजे १०००, आणि त्याच्या दोन-तृतीयांश ६६६.६७. इंटिग्रेशनची चिन्हं यायला अजून एकोणीसशे वर्षं होती. ते पत्र पुढे हरवलं होतं, त्याची नक्कल ज्या कातड्यावर होती ते खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या होत्या, आणि १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या प्रार्थनांखालची अक्षरं वाचून काढली.

आणि अजून एक गोष्ट यातून फुकट मिळते. त्या प्रत्येक चौरसात आत बरोबर टेकेल असं वर्तुळ काढा. चौरसाच्या क्षेत्रफळाशी त्याचं गुणोत्तर प्रत्येक वेळी π/4. ही सगळी वर्तुळं मिळून ५ त्रिज्येचा गोळा होतो. म्हणून गोळ्याचं घनफळ म्हणजे 16r³/3 च्या π/4 पट, 4πr³/3. हे सूत्र नववीत नुसतं पाठ केलं होतं, ते इथे एका गुणाकारात सिद्ध झालं.

चौरसाऐवजी त्रिकोण किंवा अर्धवर्तुळ दिलं तर सगळं परत करायचं?

परत करायची गरज नाही. काप कुठल्याही आकाराचा असो, तो सगळीकडे एकाच घडणीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ म्हणजे जीवेच्या वर्गाला एका ठरावीक आकड्याने गुणलेलं असतं. चौरसाला तो आकडा १. म्हणून चौरसाचं उत्तर काढा आणि त्या आकड्याने गुणा. समभुज त्रिकोणाला √3/4, मग उत्तर 4√3 r³/3. जीवा हाच व्यास असलेलं अर्धवर्तुळ असेल तर π/8, उत्तर 2πr³/3, आणि हे अर्ध्या गोळ्याचं घनफळ आहे, असायलाच हवं. इथे π परत आला हे बघितलंत ना, पण तो पायाच्या वर्तुळातून नाही, कापाच्या आकारातून आला.

"चौरसाचा कर्ण पायावर आहे" असं दिलंय. मग?

मग जीवा ही बाजू नाही, कर्ण आहे. कर्ण d असेल तर क्षेत्रफळ d²/2, म्हणून उत्तर निम्मं, 8r³/3. गणित वाचताना "बाजू" आणि "कर्ण" या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा.

वर्तुळाचा मध्य मूळबिंदूवर नसेल तर? आणि काप y-अक्षाला लंब असतील तर?

घनफळ तेच राहतं, पण लिमिट बदलतात आणि तिथे पोरं अडकतात. (x − 3)² + y² = 25 दिलं तर वर्तुळ −2 पासून 8 पर्यंत आहे, −5 ते 5 नाही. जीवा 2√(25 − (x − 3)²). लिमिट चुकून −5 ते 5 ठेवली तर −5 ते −2 या भागात वर्गमुळाच्या आत ऋण आकडा येतो, म्हणजे तिथे वर्तुळच नाही, तरी वर्ग केल्यामुळे वर्गमूळ दिसत नाही आणि ऋण क्षेत्रफळ गुपचूप बेरजेत शिरतं. म्हणून लिमिट काढताना नेहमी जीवा शून्य कुठे होते ते बघा, तिथेच आकार संपतो. y-अक्षाला लंब काप असतील तर x च्या जागी y लिहायचं, वर्तुळ दोन्हीकडून सारखंच असल्यामुळे बाकी काही बदलत नाही.

टोकाकडचा भाग किती? x = 3 च्या पुढे कापून टाकलं तर फार फरक पडतो का?

वाटतो त्यापेक्षा कमी पडतो. −3 ते 3 एवढ्याच भागाचं घनफळ 4(150 − 18) = 528. म्हणजे लांबीच्या ६० टक्क्यांत घनफळाचे ७९ टक्के बसले. उरलेले १३८.६७ दोन टोकांत वाटले जातात, प्रत्येकी ६९.३३. हे हाताने बघायचं असेल तर तो मातीचा आकार ३ च्या खुणेवर तारेने उभा कापा, कापलेला तोंडाचा भाग ८ बाय ८ चा चौरस दिसेल, आणि हातात येणारा टोकाचा तुकडा सगळ्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा भरेल.